पस्तीस दिवसांचा समुद्र, तीस दिवसांची गाणी

गाण्यापुढे डाउनलोड झाल्याची खूण दिसली की गाणं आता आपल्या फोनमध्ये आलं, आपलं झालं, असं वाटतं. त्यातलं पहिलं खरं आहे. गाणं फोनमध्ये आलेलं असतं, पण ते कुलूपबंद आलेलं असतं. स्ट्रीमिंग अ‍ॅप गाण्याची फाइल कूटबद्ध करून स्वतःच्या जागेत ठेवतं. ती फाइल दुसऱ्या कुठल्या प्लेअरमध्ये उघडत नाही, आणि उचलून मित्राला पाठवली तर तिचा त्याला काही उपयोग होत नाही. ती उघडायची परवानगी अ‍ॅपकडे असते आणि त्या परवानगीला मुदत असते. रोज इंटरनेटवर असणाऱ्या माणसाला ही मुदत कधी जाणवतच नाही, कारण अ‍ॅप रोज गुपचूप सर्व्हरशी बोलून ती वाढवून घेत असतं. जाणवते ती महिनाभर नेटवर्कबाहेर जाणाऱ्याला.

माझा भाचा मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर आहे. जहाज ब्राझीलच्या तुबाराव बंदरातून लोहखनिज भरून चीनच्या चिंगदाओला जाणार होतं. जाण्याआधी त्याने विचारलं, "मामा, फोन गाण्यांनी भरून घेतो. १२८ जीबीचा आहे. किती जीबी गाणी लागतील?" मला गाणं ऐकण्याचं वेड, आणि त्याची मांडामांड करण्याचं त्याहून जास्त. त्यामुळे आम्ही दोघांनी वही घेऊन रीतसर हिशोब मांडला. तो इथे सविस्तर लिहितो आहे, कारण त्याने विचारलेला प्रश्न जागेचा होता आणि खरी अडचण निघाली ती दिवसांची.

आधी जागेचं पाहू. आवाजाच्या फाइलचं वजन कळायला एकच गुणाकार लागतो: दर सेकंदाला किती किलोबिट, गुणिले सेकंद, भागिले आठ. स्पॉटिफायवर साधारण दर्जा ९६ किलोबिटचा, उच्च १६० चा आणि अतिउच्च ३२० चा. १६० किलोबिटने एका मिनिटाला १.२ एमबी लागतात, ३२० ने २.४. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं एकीकडे सहा एमबीचं, दुसरीकडे बारा. भाचा अर्थातच सगळं सर्वांत वरच्या दर्जाचं हवं म्हणून बसला होता. मी त्याला विचारलं, ऐकणार कुठे आणि कशावर? केबिनमध्ये, ब्लूटूथ इअरफोनवर. जहाजाचं इंजिन रात्रंदिवस घुमत असतं. शिवाय ब्लूटूथवरून जाताना आवाज बहुतेक वेळा पुन्हा एकदा दाबला जातो. तशा ठिकाणी १६० आणि ३२० मधला फरक ऐकू येणं फार कठीण. ज्याला शांत खोलीत, तारेच्या चांगल्या हेडफोनवर बसून ऐकायचं आहे त्याने जरूर वरचा दर्जा घ्यावा. इथे १६० पुरेसा होता.

दर्जा आधी ठरवायचा, मग डाउनलोड करायचं. हा क्रम उलटा झाला की उतरवलेलं पुन्हा उतरवावं लागतं. आणि एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ऐकण्याचा दर्जा आणि डाउनलोडचा दर्जा ही सेटिंगमधली दोन वेगळी खाती आहेत. एक वाढवलं म्हणून दुसरं वाढत नाही.

आता तास. जहाज साधारण १३ नॉट, म्हणजे तासाला १३ सागरी मैल वेगाने चालतं. दिवसाला ३१२ सागरी मैल. अंतर सुमारे ११,००० सागरी मैल. म्हणजे ३५ दिवस. ड्यूटीवर कानात काही घालायचं नाही, हे तर त्याच्या कामात आलंच. थर्ड ऑफिसरचा पहारा बहुतेक जहाजांवर सकाळी आठ ते बारा आणि रात्री आठ ते बारा असा असतो. ऐकायला उरतात ते झोपेआधीचे, व्यायामाचे आणि कपडे धुण्याचे तास. दिवसाला तीन तास धरले. त्यातला निम्मा वेळ गाण्यांचा, निम्मा बोलण्याचा.

दिवसाला दीड तास म्हणजे ३५ दिवसांत साडेबावन्न तास गाणी. पण तेवढी वेगवेगळी गाणी लागत नाहीत, कारण गाणं आपण पुन्हा ऐकतोच. वीस तासांचं संगीत घेतलं तर प्रत्येक गाणं सरासरी अडीच वेळा कानावर येतं. हे प्रमाण मला योग्य वाटतं. पहिल्यांदा ओळख, दुसऱ्यांदा आवड, आणि वीट यायच्या आत प्रवास संपला. वीस तास म्हणजे १,२०० मिनिटं, १६० किलोबिटने सुमारे १.४ जीबी. पॉडकास्ट मात्र कुणी सहसा दोनदा ऐकत नाही, म्हणून ते चाळीस तास. पॉडकास्टच्या फाइली बऱ्याचदा १२८ किलोबिटच्या असतात, तासाला सुमारे ५८ एमबी. झाले २.३ जीबी. बारा-बारा तासांची दोन ऑडिओबुकं, ६४ किलोबिटने, पाऊण जीबीहून कमी. सगळं मिळून साडेचार जीबीसुद्धा नाही. १२८ जीबीच्या फोनमध्ये एवढ्याने काहीच बिघडत नाही. भाच्याचा चेहरा खुलला. तेव्हा मी त्याला तिसाव्या दिवसाबद्दल सांगितलं.

स्पॉटिफायचा नियम असा आहे की डाउनलोड टिकवायचे तर तीस दिवसांतून किमान एकदा अ‍ॅप इंटरनेटला जोडलं गेलं पाहिजे. यूट्यूब म्युझिकचा नियमही असाच, तीस दिवसांचा. यामागे दोन कारणं आहेत आणि दोन्ही मला रास्त वाटतात. एक तर तुमची वर्गणी अजून चालू आहे का, हे अ‍ॅपला पाहायचं असतं. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. तुम्ही नेटवर्क नसताना ऐकलेली गाणीही मोजली जातात. अ‍ॅप त्यांची नोंद फोनमध्ये ठेवतं आणि पुन्हा इंटरनेट मिळालं की पाठवतं. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलेलं गाणं 'ऐकलं' म्हणून धरलं जातं, आणि कलावंताच्या वाट्याचा हिशोब त्या मोजणीवर चालतो. समुद्रात मध्यरात्री ऐकलेल्या गाण्याची नोंदही गाणाऱ्यापर्यंत पोचावी, हे मला आवडतं. पण ती पोचवायला अ‍ॅपला किनारा हवा.

आणि समुद्र ३५ दिवसांचा होता.

या पाच दिवसांचं काय करायचं, यावर आम्ही बराच वेळ बोललो. पहिली गोष्ट म्हणजे मुदत गाणं डाउनलोड केलेल्या दिवसापासून मोजली जात नाही. अ‍ॅप शेवटचं जोडलं गेलं त्या दिवसापासून ती सुरू होते. तयारी घरून निघण्याआधी आठवडाभर झाली असली तरी बंदर सोडायच्या दिवशी अ‍ॅप एकदा उघडायचं, मिनिटभर नेटवर्कवर राहू द्यायचं. तेवढ्याने घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. याच वेळी वर्गणीची तारीखही पाहायची. प्रवासाच्या मधल्याच दिवशी ती संपत असेल आणि कार्डावरून पैसे गेले नाहीत, तर तिसाव्या दिवसाची वाट पाहायची वेळच येणार नाही, त्याआधी अ‍ॅप जोडलं गेलं की गाणी जातील.

दुसरी गोष्ट वाटेतली. जहाजावर उपग्रहाचं इंटरनेट असतं, पण ते वाटून घ्यायचं असतं, आणि काही जहाजांवर गाण्याची अ‍ॅप्स त्यावर चालूच देत नाहीत. मात्र एखाद्या सामुद्रधुनीतून, किनाऱ्याजवळून जहाज जातं तेव्हा फोनला जमिनीवरचं नेटवर्क तासभर मिळू शकतं. परवानगी वाढवायला गाणी पुन्हा उतरवावी लागत नाहीत. अ‍ॅपने सर्व्हरशी बोलणं पुरेसं असतं. तो एक तास साधला तर पस्तीस दिवस निभतात.

पण त्याच तासात घात होऊ शकतो, आणि तो प्लेलिस्टमुळे होतो.

प्लेलिस्ट ही गाण्यांची पेटी नसते. ती सर्व्हरवरची एक यादी असते, नुसती नावं आणि क्रम. आपण 'ही प्लेलिस्ट डाउनलोड करा' म्हणतो तेव्हा अ‍ॅप असं समजतं, की या यादीत जे असेल ते फोनमध्ये असलं पाहिजे. यादी बदलली की फोनही बदलतो. आपणच बनवलेल्या यादीत हे सोयीचं असतं. पण अ‍ॅपने आपल्यासाठी बनवलेल्या याद्या असतात ना, आठवड्याला नवी होणारी शोधयादी, रोजची मिश्र यादी, त्या स्वतःहून बदलत राहतात. समजा भाच्याने तसली यादी उतरवली आणि विसाव्या दिवशी किनाऱ्याचं लुकलुकतं नेटवर्क मिळालं. अ‍ॅपला कळणार की यादी नवी झाली आहे. जुनी गाणी यादीतून गेली, म्हणून फोनमधूनही जाणार. नवी उतरू लागणार, आणि चार-दोन उतरताहेत तोवर किनारा मागे पडणार. हातात उरली ती न वाजणाऱ्या, राखाडी अक्षरांतल्या गाण्यांची अर्धी यादी. अनेकांनी मिळून चालवलेल्या यादीचंही तेच. घरी बसलेल्या मित्राने एक गाणं काढलं, तर ते समुद्रातल्या फोनमधूनही निघतं.

म्हणून नियम असा ठरवला की दूर न्यायचं ते सगळं स्वतः बनवलेल्या, फक्त आपल्याच हातात असलेल्या यादीत. आवडलेली शोधयादी असेल तर तिच्यातली सगळी गाणी निवडून नव्या यादीत टाकायची, आणि ती नवी यादी उतरवायची. मूळ यादीच्या डाउनलोडची खूण काढून टाकायची. हे काम पाच मिनिटांचं आहे.

याने एक धोका मात्र टळत नाही. हक्कदाराने गाणंच काढून घेतलं तर ते कुणाच्याच यादीत राहत नाही. २०२२ च्या जानेवारीत गायक नील यंगने आपलं संगीत स्पॉटिफायवरून काढून घेतलं आणि ते मार्च २०२४ मध्ये परत आलं. मधल्या दोन वर्षांत लोकांच्या याद्यांमध्ये ती गाणी नुसती नावापुरती उरली. डाउनलोड केलेलं असूनही असं गाणं पुढच्या जोडणीत बंद होतं. त्यामुळे ज्या दहा-वीस गाण्यांवाचून करमणारच नाही, ती मी वेगळी मोजतो. ती विकत घ्यावीत, फाइल म्हणून. कुलूप नसलेली एमपी३ किंवा फ्लॅक फाइल तिसाव्या दिवशी वाजते, तीनशेव्या दिवशीही वाजते. भाच्याने अशी पंधरा-वीस गाणी घेतली आणि फोनमधल्या साध्या प्लेअरमध्ये टाकली. माझ्या मते लांबच्या प्रवासाची खरी शिदोरी तीच.

पॉडकास्टची गोष्ट इथे अगदी वेगळी आहे आणि ती मला मनापासून आवडते. पॉडकास्ट मुळात आरएसएस फीडवर चालतो. फीड म्हणजे भागांची एक उघडी यादी, आणि प्रत्येक भागापुढे साध्या ऑडिओ फाइलचा पत्ता. अँटेनापॉडसारखं पॉडकास्टचंच अ‍ॅप घेतलं आणि त्यातून भाग उतरवले, तर फोनमध्ये साधी फाइल येते. वर्गणी नाही, तिसावा दिवस नाही. तोच कार्यक्रम स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये उतरवला तर त्या अ‍ॅपचे नियम लागू होतात. म्हणून चाळीस तासांचे सगळे पॉडकास्ट आम्ही स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या बाहेर ठेवले. फक्त दोन सेटिंग बदलावी लागली. ऐकून झालेला भाग आपोआप पुसण्याचं बंद केलं, कारण पाचव्या आठवड्यात तोच भाग पुन्हा ऐकावासा वाटू शकतो. आणि नवे भाग आपोआप उतरवण्याचंही बंद केलं, नाहीतर तो किनाऱ्याचा मौल्यवान तास बातम्यांचे भाग उतरवण्यातच खर्च व्हायचा.

ऑडिओबुकांसाठी तो लिब्रिव्हॉक्सकडे वळला. २००५ साली सुरू झालेल्या या उपक्रमात स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचतात आणि फाइली कुणालाही फुकट उतरवता येतात. बहुतेक पुस्तकांत प्रकरणागणिक एक एमपी३ असते. अशी पुस्तकं फोनवर ठेवताना एक बारीक गोष्ट पाहावी. फाइलींच्या नावात १, २, ३ असे साधे आकडे असतील तर काही प्लेअर १ नंतर थेट १० लावतात आणि २ मागे पडतं. ०१, ०२ असं नाव असेल तर क्रम बिघडत नाही. शफल बंद आहे ना, हेही पाहावं. कादंबरीचं आठवं प्रकरण चौथ्याआधी कानावर पडलं तर ते परत घेता येत नाही. आणि कुठवर ऐकलं ते लक्षात ठेवणारं ऑडिओबुकचं प्लेअर घ्यावं. पहाऱ्यानंतर थकून ऐकणारा माणूस मध्येच झोपतो, त्याला ठरावीक वेळाने आपोआप थांबण्याची सोयही हवी.

एवढं झाल्यावर राहिला तो माझ्या आवडीचा भाग, वीस तासांच्या याद्या लावण्याचा. इंटरनेट असताना यादी संपली तरी अ‍ॅप तिच्यासारखं काहीतरी पुढे वाजवत राहतं. नेटवर्क नसताना यादी संपली की ती संपली. शोधपट्टीत नाव टाकलं तर जे उतरवलं आहे तेवढंच मिळतं. म्हणजे महिन्याभराने आपल्याला काय ऐकावंसं वाटेल याचा विचार आजच करावा लागतो. तो गायकाच्या नावाने किंवा प्रकाराने करता येत नाही, असा माझा अनुभव आहे. तेव्हा आपण कसे असू, यावरून करावा लागतो. भाच्याच्या याद्यांना आम्ही वेळांची नावं दिली: 'बारानंतर', 'व्यायाम', 'कपडे', 'रविवार' वगैरे. प्रत्येक साधारण दोन तासांची, पंचवीसेक गाण्यांची. त्याहून लांब यादीत शेवटची गाणी कधी ऐकलीच जात नाहीत, कारण आपण दर वेळी वरूनच सुरुवात करतो.

'बारानंतर'वर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. रात्री बाराला पहारा संपवून आलेल्या माणसाला लगेच झोप लागत नाही, डोकं अजून रडारच्या पडद्यावर असतं. म्हणून पहिली दोन गाणी जराशी जागी, ठेका असलेली. मग हळूहळू शब्द कमी, वाद्यं कमी. शेवटच्या अर्ध्या तासात फक्त बासरी आणि सरोद. आवाजाची पातळी सगळीकडे सारखी राहावी म्हणून अ‍ॅपमधलं पातळी समान करण्याचं सेटिंग चालू ठेवलं, नाहीतर हळू गाण्यासाठी वाढवलेला आवाज पुढच्या गाण्यात झोप उडवतो.

'रविवार'मध्ये एक मैफलीचं थेट ध्वनिमुद्रण होतं. त्यात आलाप एका तुकड्यात, बंदिश दुसऱ्यात, द्रुत तिसऱ्यात. अशा ठिकाणी एका गाण्यात दुसरं मिसळवणारं क्रॉसफेड बंद असावं लागतं. ते चालू असेल तर आलापाचा शेवटचा षड्ज आणि बंदिशीची पहिली सम एकमेकांवर चढतात, आणि जिथे गायकाने श्वास घेतला तिथे गोंधळ होतो. मी ते ऐकूच शकत नाही.

त्याखेरीज चार संपूर्ण अल्बम असे घेतले जे त्याने कधीच ऐकले नव्हते. आठवड्याला एक. नेटवर्क असताना अनोळखी संगीताला आपण पाऊण मिनिट देतो आणि पुढे जातो. पुढे जायला दुसरं काही नसताना त्याच अल्बमला तीन संध्याकाळी मिळतात. कितीतरी गायक मला असेच, दुसरा पर्याय नसताना भेटले आहेत.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही तपासणी केली. वाय-फाय सोडून डाउनलोड करायची परवानगी अ‍ॅपला नव्हती, म्हणून मध्ये एकदा सगळं थांबलं होतं. आणि बॅटरी वाचवण्याचं सेटिंग चालू असलेले फोन मागे चालणारं अ‍ॅप बंद करतात, म्हणून पडदा चालू ठेवून, चार्जर लावून ते पूर्ण करावं लागलं. मग फोन विमान मोडवर टाकला, बंद करून पुन्हा सुरू केला, आणि प्रत्येक यादीतलं पहिलं, मधलं आणि शेवटचं गाणं वाजवून पाहिलं. नुसती सुरुवात ऐकून चालत नाही. स्ट्रीमिंगच्या वेळी साठवलेल्या तात्पुरत्या तुकड्यामुळे न उतरलेलं गाणंही कधी कधी सुरू होतं. म्हणून गाण्याच्या शेवटाकडे जाऊन ऐकायचं. 'कपडे' यादीतली तीन गाणी राखाडी निघाली. ती काढून पुन्हा उतरवली.

त्याला आणखी तीन गोष्टी सांगितल्या. जहाजाच्या वाय-फायला फोन जोडलेला असेल पण पुढे इंटरनेट नसेल, तर अ‍ॅपला वाटतं आपण ऑनलाइन आहोत, आणि ते प्रत्येक गाण्याआधी सर्व्हरची वाट पाहत बसतं. तेव्हा अ‍ॅपच्याच सेटिंगमधला ऑफलाइन मोड चालू करायचा. फक्त किनाऱ्याजवळच्या त्या तासाला तो आठवणीने बंद करायचा, नाहीतर परवानगी वाढणारच नाही. दुसरं, फोनमध्ये जागा कमी पडली तर अ‍ॅपमधून कॅशे पुसायला हरकत नाही, डाउनलोड राहतात. पण फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅपचा डेटा पुसला किंवा अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, तर सगळं गेलं. तिसरं घरच्यांसाठी. स्पॉटिफायवर एका खात्यातून पाच उपकरणांवर डाउनलोड ठेवता येतात. सहाव्यावर उतरवलं की सर्वांत कमी वापरलेल्या उपकरणावरचे डाउनलोड जातात. महिनाभर न जोडलेला फोन कुणाचा असेल, हे उघड आहे. त्यामुळे तो परत येईपर्यंत त्याच्या खात्यातून कुणी नवीन टॅबवर काही उतरवायचं नाही, हे त्याच्या आईला मी स्वतः सांगून आलो.

जहाज निघाल्यावर एकोणिसाव्या दिवशी त्याचा दोन ओळींचा निरोप आला. "मामा, किनारा दिसतोय. ऑफलाइन मोड बंद केला, अ‍ॅप उघडलं, सगळ्या याद्या शाबूत. 'बारानंतर'मधलं दुसरं गाणं फार जागं ठेवतं, ते 'व्यायाम'मध्ये टाकू का?" मी लिहिलं, टाक, पण आत्ता नको, बंदरात पोचल्यावर टाक.